नवं पिल्लू, चौदा दिवस आणि एक वही



बाजारातून नवी शेळी आणली की तुम्ही तिला त्याच दिवशी कळपात सोडत नाही. आपल्या पशुसखीने हे इतक्यांदा सांगितलंय की आता ते अंगवळणी पडलंय. शेळी वेगळी बांधायची, खाते-पिते का बघायचं, लेंडी बघायची, नाक वाहतं का बघायचं. कोंबड्यांचंही तसंच. मानमोडी एकदा खुराड्यात शिरली की सकाळी मोजायला काही उरत नाही. कुत्र्यांचा छोटा निवारा चालवायचा तर नियम हाच आहे, फक्त तो पाळणं जास्त अवघड आहे. का अवघड, ते आमच्याकडच्या एका चुकीवरून सांगते.

गुलमंडी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. लग्नाचा बस्ता, दिवाळीची खरेदी, नाहीतर सुपारी हनुमानाचं दर्शन, यासाठी आपण बायका तिथे जातोच. त्या गर्दीच्या मागे ज्या अरुंद गल्ल्या आहेत तिथे कुत्रीही भरपूर. हातगाड्यांचं उरलेलं आणि दुकानांच्या पायऱ्यांखालची सावली यावर ती जगतात. गाडीखाली आलेलं, आई मेलेलं, खरूज होऊन उघडं पडलेलं असं एखादं कोणीतरी उचलून आणतं. अशा जनावरांसाठी एका जुन्या वाड्याचं मागचं अंगण आम्हा सहा जणींना वापरायला मिळालं. जागा नऊ कुत्र्यांची. दहावं घ्यायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरवलं आणि त्यावरूनच आमची सगळ्यात जास्त भांडणं झाली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. रस्त्यावरचं धडधाकट कुत्रं उचलून निवाऱ्यात ठेवायचं नसतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लस करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, आणि ती नसबंदी मान्यताप्राप्त केंद्रातच व्हायला हवी. छोट्या निवाऱ्याचं काम जखमी, आजारी आणि पोरक्या जनावरांपुरतं. ती बरी झाली की जागा रिकामी व्हायला हवी. जागा रिकामी होत नसेल तर निवाऱ्याची कोंडी होते, आणि कोंडीत रोग सगळ्यात आधी शिरतो.

आता अंगणाची वाटणी. एका टोकाला पत्र्याची शेड, तिथे बरी आणि लस झालेली कुत्री. दुसऱ्या टोकाला दोन कोठड्या, त्यांचं दार स्वतंत्र, मधे पूर्ण भिंत. त्यातली एक नवीन आलेल्यांची, म्हणजे विलगीकरणाची, आणि एक आजारी पडलेल्यांची. या दोन कोठड्या एकच समजू नका. नवीन आलेलं कुत्रं कदाचित निरोगी असेल. त्याला आजाऱ्याशेजारी ठेवलं तर आपणच त्याला रोग दिला असं होईल. कोठड्यांना शहाबादी फरशी आहे, मातीची जमीन नाही. फरशी धुता येते, माती धुता येत नाही. ही गोष्ट पुढे महागात पडली.

पिल्लांचा मोठा शत्रू पार्वो. हा विषाणू आतड्यावर हल्ला करतो. पिल्लू आधी खाणं सोडतं, मग मलूल होऊन कोपऱ्यात बसतं, उलट्या होतात, आणि मग पातळ, रक्ताची, उग्र वासाची शी. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. पिल्लू मरतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी संपून, म्हणून दवाखान्यात सलाईन लवकर लागणं हीच खरी आशा. तोंडाने जबरदस्तीने दूध पाजून उपयोग नाही, उलटी वाढते.

पार्वोच्या दोन खोडी लक्षात ठेवा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी दोन आठवडेही. आणि लक्षणं दिसायच्या आधीच पिल्लाच्या शीतून विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणजे तुमच्या मांडीवर खेळणारं, शेपूट हलवणारं पिल्लू त्याच वेळी फरशीवर रोग पेरत असू शकतं. १४ दिवसांचं विलगीकरण यासाठी असतं.

आता आमची चूक.

जून महिन्याच्या २ तारखेला रंगारगल्लीच्या तोंडाशी सापडलेली एक तांबडी पिल्ली आली. दुधाचे सगळे दात होते, पक्के दात यायला सुरुवात नव्हती, म्हणजे वय दोन-अडीच महिने. तिला आम्ही तांबू म्हणायला लागलो. वहीत लिहिलं: विलगीकरण, सुटण्याची तारीख १६ जून. सगळं व्यवस्थित.

१० तारखेला जोराचा पाऊस होता. संध्याकाळी एक मुलगा पिशवीत काळं पिल्लू घेऊन आला. कोठडी एकच, भिजलेलं पिल्लू कुडकुडत होतं. त्या दिवशी ज्या ताई पाळीवर होत्या त्यांनी ते तांबूच्या कोठडीतच ठेवलं. दोघांनी एकमेकांना चिकटून रात्र काढली. फोटो इतका गोड होता की आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर सगळ्यांनी हृदयं पाठवली. मीसुद्धा.

१४ तारखेला रात्री काळूने उलटी केली. त्याला आजाऱ्यांच्या कोठडीत हलवलं, सकाळी डॉक्टरांकडे नेलं, शीची तपासणी केली, पार्वो निघाला. हा निरोपही ग्रुपवरच आला. त्याच दिवशी तिथे एका वाढदिवसाच्या शुभेच्छांचे चाळीसेक मेसेज पडले. वहीत मात्र कोणी काही लिहिलं नाही.

१६ तारखेला पाळीवर वेगळी ताई होती. तिने वही उघडली. तांबू, आली २ जून, सुटण्याची तारीख १६ जून, खाणं चांगलं, शी घट्ट. तिने वहीवर विश्वास ठेवला, आणि तो ठेवायलाच हवा होता. तांबूला मोठ्या शेडमध्ये सोडलं. तिथे चार मोठी कुत्री होती, लस झालेली, आणि दोन पिल्लं होती ज्यांची पहिलीच लस झाली होती.

१८ ला तांबू आजारी पडली. २२ ला त्या दोन पिल्लांपैकी एक, २३ ला दुसरं. काळू १७ लाच गेला होता. शेडमधल्या पिल्लांपैकी एक २५ ला गेलं. तांबू आणि दुसरं पिल्लू पाच-सहा दिवस सलाईनवर राहून वाचली. मोठ्या चार कुत्र्यांना काहीही झालं नाही. लसीचा पुरावा आम्हाला यापेक्षा वेगळा नको होता.

चूक कुठे झाली ते बघा. आम्ही चौदा दिवस तांबू आल्यापासून मोजले. पण १० तारखेला त्याच कोठडीत नवं पिल्लू आलं, तेव्हा तांबूची मोजणी पुन्हा शून्यावर यायला हवी होती. तिची सुटण्याची तारीख १६ नाही, २४ जून व्हायला हवी होती. आणि १४ ला काळूला रोग दिसल्यावर तर तिथून आणखी पुढे, २८ जून. एका कोठडीतले सगळे एका नावेत बसलेले असतात. शेवटचा जो चढला, त्याच्यापासून दिवस मोजायचे. मधेच रोग निघाला, तर आजारी बाहेर काढल्याच्या दिवसापासून मोजायचे. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. सांगायला सोपं आहे, पण पावसात भिजलेलं पिल्लू समोर असताना आठवत नाही. म्हणून ते आठवायची जबाबदारी आता वहीवर टाकली आहे.

तुम्हाला गटाचं दप्तर ठेवायची सवय आहे. बैठकीत कोण काय बोललं हे लक्षात राहतं, पण कर्ज आणि हप्ता वहीतच हवा. तसंच हे. आमची जुनी वही कुत्र्याच्या नावाने होती, एका कुत्र्याला एक पान. त्या पानावर शेजारी कोण राहिलं हे कळायचंच नाही. आता वहीचे दोन भाग आहेत. पहिला भाग आवक नोंद, दुसरा कोठडीचा.

आवक नोंदीत क्रमांक, तारीख आणि वेळ, आणणाऱ्याचं नाव आणि मोबाईल. कुठून उचललं ते नेमकं लिहायचं. ‘गुलमंडी’ एवढं पुरत नाही, ‘मछली खडककडे जाताना डावीकडची दुसरी बोळ’ असं हवं, कारण बरं झाल्यावर तिथेच सोडायचं आहे, आणि त्याच बोळीतून दुसरं आजारी पिल्लू आलं तर दोन्हींचा संबंध लागतो. नर की मादी, रंग, खुणा. कानाला लहानशी खाच कापलेली असेल तर बहुधा नसबंदी झालेली आहे, तेही लिहा. वजन. ताप, थर्मामीटरने, निरोगी कुत्र्याचा साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून घाबरू नका. उलटी, शी, खोकला, डोळ्यातला चिपाड, गोचीड, खरूज. जंताचं औषध आणि लस कधी दिली. आणि एक रकाना आम्ही लाल शाईने आखला आहे: ‘कोणाला चावलं किंवा ओरखडलं का?’ त्याबद्दल पुढे बोलते.

कोठडीच्या भागात कुत्र्याचं नाही, खोलीचं पान. आत आलेला प्रत्येक जीव, तारीख, बाहेर गेल्याची तारीख, आणि सगळ्यात वर पेन्सिलने एकच ओळ: ‘ही कोठडी ___ पर्यंत बंद.’ नवीन कोणी आलं की आधी ही तारीख खोडून नवी लिहायची, मगच दार उघडायचं. पेन्सिल मुद्दाम, कारण ती खोडायचीच आहे. तीच तारीख दारावर खडूनेही लिहितो. लिहिता न येणारी आमची एक मावशी आहे, ती दारावर रोज एक रेघ मारते. तिचा हिशोब आजवर चुकलेला नाही.

आता साफसफाई, कारण इथेही बऱ्याच जणी फसतात. फिनेलचा वास आला की स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतं. पार्वोला फिनेलने काही होत नाही. हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही होत नाही. त्याला मारतं क्लोरीन. गावातल्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तुमच्या ओळखीची आहेच. १० लिटरच्या बादलीत साधारण ७५ ग्रॅम ताजी पावडर घालायची, ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी वापरायचं. पातळ ब्लीच असेल, ५ टक्क्यांचं, तर १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी, म्हणजे ३ लिटरमध्ये १०० मिली. द्रावण त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी संपवायचं. उघड्या पिशवीत महिनाभर पडलेल्या पावडरचा जोर गेलेला असतो, मग आपण नुसतं पांढरं पाणी शिंपडतो.

पण क्लोरीनच्या आधी साबण. फरशीवर शी, केस, सांडलेलं अन्न असेल तर क्लोरीनचा जोर त्यातच संपतो. आधी घाण कागदात उचलायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं, मग क्लोरीनचं पाणी ओतून १० मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, मग पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं. कुत्री तेव्हा आत नकोत. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. आजारी पिल्लाखालचं पोतं धुवून परत वापरायचं नाही, पिशवीत बांधून टाकून द्यायचं. एका पोत्याची किंमत ती काय.

मातीचं काय? आमच्या शेडपुढे थोडी मातीची जागा होती. तांबू तिथे दोन दिवस खेळली होती. पार्वो मातीत महिनोन्‌महिने, सावलीत वर्षभरही टिकू शकतो, आणि मातीत ओतलेलं क्लोरीन मातीच खाऊन टाकते. त्यामुळे ती जागा पिल्लांसाठी आम्ही वर्षभर बंद केली. तिथे आता फक्त लस पूर्ण झालेली मोठी कुत्री जातात.

रोज कामाचा क्रम ठरलेला हवा. आधी शेडमधली निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग विलगीकरण, शेवटी आजारी. उलट कधीच जायचं नाही. विलगीकरणाच्या दाराशी वेगळ्या चपला, वेगळा खराटा, वेगळी बादली. आम्ही त्यांना लाल रंग फासला आहे. पदर खोचून घ्या. ओढणी किंवा पदर फरशीला लागला की रोग आपल्याच अंगावरून दुसऱ्या दारात जातो. बाहेर येताना हात-पाय साबणाने धुवायचे. आणि घरी पिल्लू असेल त्या ताईने आजाऱ्यांची पाळी घ्यायचीच नाही.

लस निवाऱ्यात आल्या दिवशीच सुरू करतो, डॉक्टरांना विचारून. पिल्लांना एक टोचून भागत नाही. आईच्या दुधातून आलेली ताकद अंगात असते तोवर लस नीट लागू होत नाही, आणि ती ताकद नेमकी कधी ओसरते ते बाहेरून कळत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायची. त्या दोन पिल्लांची ‘लस झाली आहे’ असं आम्ही म्हणत होतो, पण झाली होती एकच.

डिस्टेंपर हा दुसरा रोग. तो खोकल्या-शिंकांतून हवेतून पसरतो, म्हणून मधे जाळी नाही, भिंत हवी. बाहेर पडलेला हा विषाणू साबणाने आणि उन्हाने लवकर मरतो. पण तो अंगात कधी कधी चार-सहा आठवडे दबून राहतो आणि मग झटके येतात. चौदा दिवसांत तो प्रत्येक वेळी पकडला जाईलच असं नाही. खोकला किंवा चिपाड असलेल्याला जास्त दिवस ठेवा.

आता तो लाल रकाना. रेबीज चौदा दिवसांत कळत नाही. कुत्र्यात तो बहुतेकदा तीन आठवडे ते तीन महिने, कधी त्याहून जास्त दबून असतो. आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस असो वा जनावर, वाचवणं हाताबाहेर जातं. पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावून येतंच असं नाही. कधी ते गप्प होतं, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि कोणीतरी दयाळू बाई हात घालते. असं कुत्रं दिसलं तर तोंडात हात घालू नका. दार बंद करा, महानगरपालिकेच्या पथकाला आणि पशुवैद्यकाला कळवा, मुलांना लांब ठेवा.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग लगेच घाटीत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. पुढच्या तारखा चुकवू नका. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, पण आपली लस त्यासाठी थांबवायची नाही. निवाऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकीने आधीच प्रतिबंधक लस घ्यावी. आम्ही सहाही जणींनी घेतली, एक जण सुईला घाबरत होती तरी. ती घेतलेली असली तरी चावल्यावर दवाखान्यात जावंच लागतं, फक्त डोस कमी लागतात.

कुत्रं परत त्याच्या गल्लीत सोडायच्या आधी रेबीजची लस झालेली असलीच पाहिजे. ती तीन महिन्यांपासून देता येते. गोव्यात ‘मिशन रेबीज’ने सरकारबरोबर गल्लोगल्ली कुत्र्यांना लस दिली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्री हटवून ते झालं नाही, लस देऊन झालं. गुलमंडीतल्या ज्या दुकानदारांना आमचा वास आणि भुंकणं नकोसं व्हायचं, त्यांना आम्ही हे सांगितलं, आणि लस दिलेल्या कुत्र्यांची यादी दाखवली. दोघे जण आता स्वतःच फोन करून कळवतात की अमुक पायरीखाली नवीन पिल्लू दिसतंय.

तांबूला पुढे वेरूळच्या बाजूच्या एका घरी शेतावर दिलं. तिच्या कागदावर लसींच्या तारखांबरोबर आम्ही लिहून दिलं आहे की तिला पार्वो होऊन गेलाय, आणि घरात दुसरं पिल्लू आणायचं असेल तर आधी त्याच्या लसी पूर्ण करा. कोठडीच्या दारावर आज खडूने ९ तारीख आहे. आत एकच पिल्लू आहे. काल संध्याकाळी आणखी एक आलं, तेव्हा मावशीने दार उघडायच्या आधी कोठडी किती तारखेपर्यंत बंद आहे ते विचारलं. त्या नव्या पिल्लाला आम्ही वाड्याच्या जिन्याखाली, लाकडी खोक्यात, वेगळं ठेवलं आहे.